सांडशी नेमकी कुणाच्या मागे होती?

स्वयंपाकघरातल्या वस्तू एकेक फोटो काढून हलवायच्या, हे जवळजवळ सिनेमाइतकंच जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला, त्यात काडेपेटीतल्या काड्या आपोआप चालू लागल्या. अलीकडच्या काळात पेस या अमेरिकी कलावंताचा ‘फ्रेश ग्वाकामोली’ (2012) पावणेदोन मिनिटांतच संपतो आणि तरीही ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. त्यात हातबॉम्ब कापला की आतून ॲव्होकाडोचा गर निघतो. दर वेळी वस्तू दुसरीच काहीतरी निघते, हेच त्यातलं नवल.

मला मात्र उलट्या वाटेबद्दल सांगायचं आहे. वस्तूला गोष्टीत भलतंच रूप द्यायचं आणि शेवटी तिला तिच्या खऱ्या कामावर परत आणायचं. प्रेक्षकाला ते काम लहानपणापासून माहीत असतं, फक्त गोष्टीच्या नादात तो ते विसरलेला असतो. चांगला अनपेक्षित शेवट नवी माहिती देत नाही. विसरलेल्या माहितीची तो ऐन वेळी आठवण करून देतो.

एक गोष्ट घेऊ, चाळीस सेकंदांची. नायक आहे लवंग. लवंगेला डोकं असतं, मान असते, सडपातळ अंग असतं, त्यामुळे तिला डोळे चिकटवायची गरज नाही. चिकटवूही नयेत, कारण डोळे लावले की ती खेळणं होते आणि तिचं लवंगपण जातं. पुढे वाकली की ती निघालीच, मागे झुकली की घाबरली, एवढं पुरतं. मिसळणाच्या डब्याचं झाकण किंचित सरकतं, लवंग बाहेर येते आणि ओट्यावर हिंडू लागते. तेवढ्यात मागून सांडशी येते, जबडा उघडत, मिटत, फरशीवरून सरपटत. लवंग पळते. मसूरडाळीचा ओढा ओलांडते, किसणीच्या आडोशाला दडते, पुन्हा पळते आणि एका पातेल्याशी येऊन अडकते. पातेलं चुलीवर आहे, चूल काड्यांची आणि जाळ लाल मिरच्यांचा. पातेल्यातलं दूध वर येऊ लागतं. पुढे उतू जाणारं दूध, मागे वासलेला जबडा. जबडा मिटतो तो लवंगेच्या डोक्यावरून, पातेल्याच्या काठावर. सांडशी पातेलं उचलते आणि बाजूला ठेवते.

म्हणजे सांडशी लवंगेच्या मागे नव्हतीच. ती दुधाकडे धावत होती आणि लवंग फक्त वाटेत होती.

सगळं काम आता या एका वाक्याला जागण्याचं आहे. शेवट कळल्यावर जो पुन्हा पाहील, त्याला आधीचा प्रत्येक फोटो दुसऱ्या अर्थानेही खरा वाटला पाहिजे. म्हणून सांडशी कायम डावीकडून उजवीकडेच जाईल, कारण पातेलं उजवीकडे आहे. लवंग बाजूला वळली तरी सांडशीचं तोंड तिच्याकडे वळता कामा नये. किसणीचा प्रसंग इथे फार मोलाचा आहे. लवंग आडोशाला आहे आणि सांडशी न थांबता तिच्या पुढून निघून जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, दिसली नाही, वाचली. पण लवंगेची वाटही उजवीकडेच आहे, त्यामुळे ती बाहेर पडते आणि आता तीच सांडशीच्या मागे असते. इथे ओढ्याच्या एका वळणाने तिला आडवाटेने पुढे काढावं लागतं. ही जागा कथेत कच्ची राहते आणि म्हणूनच कागदावर आधी चित्रं काढून ती पक्की करावी. आणखी एक खूण आवाजाची: चुलीची बारीक फुरफुर पहिल्या सेकंदापासून ऐकू येऊ द्यावी. कुणी लक्ष देणार नाही, पण ती तिथे असेल.

सेकंदाला बारा फोटो धरले तर चाळीस सेकंदांना 480 फोटो होतात. वेग म्हणजे दोन फोटोंमधलं अंतर. लवंग दबकत चालते तेव्हा ती दर फोटोला दोन-तीन मिलिमीटर सरकेल, पळते तेव्हा सेंटिमीटरभर. तळाला मेणाचा बारीक गोळा लावला की ती उभी राहते. सांडशीचा जबडा उघडायला सहा-सात फोटो द्यावेत आणि मिटायला दोनच. हळू उघडून झटकन मिटण्यातच तिचा दरारा आहे. दोन्ही सारख्याच वेळात झालं तर भीती उरत नाही.

खरं दूध वापरता येत नाही, ते फोटोसाठी थांबत नाही. पातेल्यात कापूस ठेवावा आणि दर दुसऱ्या फोटोला चिमूटभर वाढवावा. पाच सेकंदांत तो काठावर येईल. सुरुवातीला थोडा, शेवटी जास्त वाढवला तर दूध खऱ्यासारखं एकदम चढतं.

पातेलं उचलायचा क्षण कठीण वाटतो, कारण दोरे आणि तारा नंतर पुसाव्या लागतील असं मनात येतं. त्याची गरज नाही. कॅमेरा एवढा जवळ न्यावा की चौकटीत फक्त काठ आणि जबडा राहील. सांडशीच्या दांड्या चौकटीबाहेर पुस्तकांच्या चळतीवर टेकवाव्यात. पातेल्याखाली दर फोटोला एकेक वही सरकवत जावं आणि तेवढ्याच दांड्याही उचलाव्यात. पातेलं आपोआप वर चाललेलं दिसेल.

खरा त्रास स्टीलचा. आपल्या ओट्यावरचं प्रत्येक भांडं आरसा असतं, आणि फोटो काढणाऱ्याचा सदरा त्यात प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी दिसतो. सलग पाहिलं की पातेल्यावर रंगाचे डाग नाचतात. काळे कपडे घालावेत, दर फोटोला एकाच जागी मागे सरून उभं राहावं आणि दिव्यापुढे बटर पेपर लावून प्रकाश मऊ करावा. खिडकी बंदच हवी, कारण ढग सरकला की चित्र लुकलुकतं. फोनमधला फोकस, उजेड आणि रंगाचा समतोल पहिल्या फोटोआधीच कुलूपबंद करावा. पुन्हा पाहताना लवंग नीट चालते पण मागची भिंत उजळते-मंदावते, तर चूक यांपैकीच कुठेतरी आहे.

पारख शेवटी प्रेक्षकावरच होते. गोष्ट माहीत नसलेल्या कुणालातरी आवाजाशिवाय दाखवावं आणि पाहणाऱ्याचा चेहरा पाहावा. कापूस पहिल्यांदा दिसताच तो हसला, तर दूध फार लवकर दाखवलं आहे. पातेलं तोवर चौकटीच्या कडेला, अर्धंच ठेवावं. उलट सगळं संपल्यावर त्याने विचारलं की सांडशीने पातेलं का धरलं, तर दूध काठावर पुरेसं थांबलं नाही. तिथे आणखी सहा-आठ फोटो हवेत. या दोन्हींच्या मधली जागा एक-दोन वेळा दाखवल्यावर सापडते, आणि ती दुधाच्या त्या पाच सेकंदांतच असते. लवंगेच्या धावपळीत कितीही भर घातली तरी ती तिथे मिळत नाही.