उद्या शाळा नाही

नातीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या सोमवारी सकाळी मॅडमची सूचना आली. ती अशी: "सर्व पालकांना नमस्कार. आपला प्रश्न कृपया पूर्ण लिहून पाठवावा. पाल्याचे नाव, हजेरी क्रमांक, कशाबद्दल विचारत आहात आणि कोणत्या तारखेबद्दल, हे सगळे एकाच मेसेजमध्ये असावे. नुसते 'उद्या?', 'ते पण का?', 'किती?' असे पाठवू नये. प्रश्न असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह द्यावे. लिहायला अडचण असेल तर बोलून पाठवा, पण आधी नाव सांगा."

खाली पटापट अंगठे उमटले. मी मात्र फोन हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. त्यातलं प्रश्नचिन्हाचं वाक्य माझ्यासाठी होतं. मॅडमनी नाव घेतलं नाही हा त्यांचा चांगुलपणा.

त्याच्या आधीच्या बुधवारची गोष्ट. कोल्हापुरात चार दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. अशा दिवसांत आमच्याकडे लोक एकमेकांना "जेवलात का" विचारायच्या आधी "पाणी किती" विचारतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट, हे इथल्या चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. 2019 चा पूर पाहिलेली माणसं तर रात्री उठून फोनवर आकडा बघतात. त्या दिवशी पाणी 36 फुटांच्या पुढे सरकलं होतं आणि शेजारच्या एका तालुक्यात शाळांना सुट्टी जाहीर झाल्याची बातमी फिरत होती. सूनबाई रात्रपाळीला, मुलगा परगावी. नातीला सकाळी सातला उठवायचं की नाही हे मला ठरवायचं होतं. रात्री 9 वाजून 12 मिनिटांनी मी ग्रुपवर लिहिलं, "उद्या शाळा नाही".

मला विचारायचं होतं. तोंडानं बोललो असतो तर शेवटचा "नाही" वर चढला असता आणि समोरच्याला कळलं असतं की म्हातारा विचारतोय. लिहिताना तो चढ प्रश्नचिन्हात ठेवावा लागतो. ते मी दिलं नाही. घाईत राहिलं, चष्मा शेजारच्या खोलीत होता, वगैरे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातली विरामचिन्हं दुरुस्त केलेल्या माणसाला ही सबब शोभत नाही.

त्याच मिनिटाला कुणीतरी लिहिलं, "डबा". तेवढंच. पाठोपाठ दुसरं, "रेनकोट पण का". मग एकीचं "वही जुनीच". आणि 9 वाजून 20 मिनिटांनी मॅडमचं उत्तर आलं: "हो."

हा "हो" कुणाला होता? मॅडमनी नंतर सांगितलं, रेनकोटवाल्यांना. पण ग्रुप उघडला की वर माझं "उद्या शाळा नाही" आणि शेवटी मॅडमचा "हो". मधल्या तीन तुकड्यांवरून नजर सहज घसरते. त्यातून मराठीत नकारार्थी प्रश्नाला दिलेला "हो" मोठा दगाबाज. "शाळा नाही ना?" "हो." म्हणजे, हो, नाही. पण "शाळा नाही का?" "हो, आहे की." असंही आपण बोलतोच. तोंडातोंडी मान आणि सूर मदतीला असतात म्हणून निभावतं. पडद्यावर उरला एकाच अक्षराचा शब्द, आणि ज्याला जे हवं होतं ते त्यानं त्यात वाचलं. साडेनऊपर्यंत एका उत्साही बाबांनी "उद्या सुट्टी, मॅडमनी कन्फर्म केलंय" असं लिहून टाकलंही.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. मला माझी चूक कळली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. मॅडम दिवसभर कामाला जुंपलेल्या, तो "हो" लिहून त्या झोपी गेल्या. सकाळी पाऊस ओसरला होता, शाळा वेळेवर भरली आणि 42 पैकी 19 मुलं आलीच नाहीत. गणिताची तोंडी परीक्षा होती, ती पुढं ढकलावी लागली. हे फार मोठं नुकसान नव्हे. पण त्या एकोणीस मुलांतल्या एकीची आई शिरोली एमआयडीसीत रोजावर जाते. मुलीला एकटीला घरी कसं ठेवायचं म्हणून ती त्या दिवशी कामावर गेली नाही. तिचा एक खाडा पडला. माझं एक चिन्ह राहिलं आणि तिची दिवसाची मजुरी गेली. मी ग्रुपवर माफी मागितली. तिनं अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ "असू दे आजोबा" होता की नुसतं "वाचलं", हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपली भाषा अर्ध्या वाक्यांवरच चालते. "आलात?" म्हटलं की कोण, कुठून, कशाला हे सांगावं लागत नाही. क्रियापद अर्धं काम करतं, उरलेलं समोर उभं असलेलं माणूस, त्याच्या हातातली पिशवी आणि दिवसाची वेळ. उंबऱ्यावर "झालं का?" विचारणाऱ्या शेजारणीला गॅस सिलिंडरबद्दल विचारायचं असतं आणि आपल्याला ते कळतं, कारण कालही तेच बोलणं चाललेलं असतं. यात काही वाईट नाही, उलट जवळीकच आहे. पण 42 घरांच्या ग्रुपवर उंबरा नसतो. माझ्या डोक्यातला संदर्भ माझ्याच डोक्यात राहतो आणि तो शोधून काढायचं काम मी न विचारताच दुसऱ्याच्या गळ्यात घालतो.

हे काम किती असतं ते शनिवारी माफी मागायला शाळेत गेलो तेव्हा पाहिलं. मॅडमनी फोन माझ्यापुढे धरला. निम्मे नंबर त्यांच्या फोनमध्ये नावानं जतन केलेले नाहीत. सेव्ह न केलेल्या नंबरापुढं ज्याचं त्यानं ठेवलेलं नाव दिसतं. कुणी "माऊली", कुणी "जय मल्हार", कुणी नुसता एक गुलाब. फोटोत मूल नाही, तर गणपती किंवा मोटरसायकल. त्या "माऊली"नं लिहिलेलं होतं, "मॅडम", खाली "तो फॉर्म", त्याच्या खाली "दिला का". कुणाचा, कुठला फॉर्म? त्या आठवड्यात सहलीचं संमतिपत्र आणि आधारची झेरॉक्स असे दोन कागद एकदमच सुरू होते. कुणी कुणाला दिला? हे सगळं उलटं विचारायचं, मग उत्तराची वाट बघायची, ती येईस्तोवर मध्ये आणखी सहा तुकडे पडलेले. "एका प्रश्नाला चार प्रश्न विचारावे लागतात हो," त्या म्हणाल्या, "आणि ते विचारले की पालकांना वाटतं, मॅडम उलट बोलतात."

दुसरा एक घोळ त्यांनी दाखवला तो मला सुचलाच नसता. वर्गात तीन-चार घरं हिंदी बोलणारी. ते आणि आपल्यातलेही बरेच जण रोमन अक्षरांत टाइप करतात. त्या अक्षरांत हिंदीतला "कल" आणि मराठीतला "काल" तंतोतंत सारखा दिसतो. त्यातला एक उद्याचाही असू शकतो, दुसरा होऊन गेलेला. "उद्या"ची गत तशीच. रात्री पावणेबाराला लिहिलेला "उद्या" सकाळी सहाला वाचणाऱ्याला कुठला दिवस वाटेल? म्हणून सूचनेत तारीख मागितली आहे. एरवी मला तो सरकारी खाक्या वाटला असता.

स्वतःची बाजू त्यांनी लपवली नाही. "मी पण नुसतं 'हो' लिहायला नको होतं. ज्याला उत्तर देतेय तो मेसेज बोटानं सरकवून त्याच्याखालीच लिहायला हवं होतं. एका हातात लाटणं होतं."

मंगळवारी मी नियमाप्रमाणे लिहायला बसलो. नातीचं नाव, हजेरी क्रमांक 27, "शुक्रवारी चित्रकलेच्या तासाला..." इथवर आलो आणि तारीख लिहायची म्हणून दप्तरातली डायरी काढली. शुक्रवारच्या पानावर नातीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: रंगपेटी, जुना कपडा, पाण्याची वाटी. मी मेसेज पुसून टाकला. म्हणजे आजवर मी जे विचारत होतो त्यातलं किती दप्तरातच होतं, हा हिशेब मी अजून केलेला नाही. करायची फार इच्छाही नाही.

सूचनेनंतर ग्रुप बदलला, थोडा. दोन जणांनी "नमस्कार मॅडम, मी अमुकचा पप्पा" अशी शाळेतल्या अर्जासारखी सुरुवात केली. एका आजींनी पंधरा सेकंदांचं बोलणं पाठवलं, त्यात नाव, तुकडी, तारीख सगळं व्यवस्थित, मागं कुकरची शिट्टी. ज्यांचं टायपिंग फर्डं ते मात्र अजून तुकडेच टाकतात. अडाण्याला पूर्ण विचारणं जमत नाही हा माझा जो समज होता, तो त्या आजींनी मोडला.

पण गुरुवारी रात्री जे दिसलं त्यानं मी पुन्हा थांबलो. एका आईनं लिहिलं, "मॅडम सहल". मग थोड्या वेळानं, "सहलीचे". कुणीतरी लगेच शहाणपणा केला: "कृपया प्रश्न पूर्ण लिहा, सूचना वाचा." त्यानंतर ते दोन्ही मेसेज गेले. त्यांच्या जागी मेसेज काढून टाकल्याच्या दोन पुसट ओळी राहिल्या.

तिला काय विचारायचं होतं हे मला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. पण "सहलीचे"च्या पुढे कुठकुठले शब्द येऊ शकतात ते कुणालाही सुचेल. पैसे दोन हप्त्यांत चालतील का. मुलीला फिट येते, गोळी कोण देईल. तिच्या वडिलांना कळवू नका. यातलं कुठलंही वाक्य 42 घरांसमोर पूर्ण करायला माणूस धजावत नाही. माझा तुकडा आळसाचा होता, तिचा तसा नव्हता. ती दाराची कडी हळूच वाजवून बघत होती, आतून कुणी "कोण हो, काय काम, नीट सांगा" असं ओरडलं आणि ती पायऱ्या उतरली. सूचनेत चूक नव्हती. पण माझ्यासारख्यांसाठी लिहिलेला नियम तिच्यावर जाऊन आदळला.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मॅडमनी तीच सूचना पुन्हा टाकली. सगळं होतं तसंच, फक्त शेवटी एक ओळ वाढवलेली: "पैशांचे, आजारपणाचे किंवा घरातले काही असेल तर ग्रुपवर नको, मला वेगळे लिहा. तिथे अर्धे लिहिले तरी चालेल, मी फोन करेन."