एका मसुद्यावर तिघे

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेबद्दल एक वाक्य पुष्कळदा वाचायला मिळते. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू झाल्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडू लागल्या, म्हणून वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. वाक्य मोठे समाधानकारक आहे, कारण त्यात आधी कारण येते आणि मागून परिणाम. घटना मात्र त्या क्रमाने घडल्या नाहीत. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली आणि अलिबागला नोंदी सुरू झाल्या १९०४ मध्ये. जमिनीत झिरपणाऱ्या विजेमुळे नाजूक चुंबकीय उपकरणे खोटे बोलू लागतील हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी आधीच अलिबागची जागा निवडली होती. शिवाय ‘वेधशाळा हलवली’ हेही पूर्ण खरे नाही. हलले ते चुंबकीय नोंदींचे काम. हवामानाच्या नोंदी मुंबईच्या कुलाब्यातच राहिल्या.

आता असे धरू की रायगडच्या किनाऱ्यावरचा कोणी अभ्यासू शिक्षक या वेधशाळेवर दीड हजार शब्दांचा लेख लिहितो आणि वरचे वाक्य त्यात आहे. लेख एका विशेषांकात जायचा आहे. संपादक तो वाचणार आणि भूचुंबकत्वाचा कोणी निवृत्त अभ्यासकही वाचणार. तिघे भले आहेत, तिघांना आपले काम येते. तरीही छापून आलेल्या लेखात मूळ मसुद्यात नव्हती अशी चूक असू शकते, आणि ती कोणा एकाच्या निष्काळजीपणातून आलेली नसते. ती दोन चांगल्या दुरुस्त्यांच्या मधल्या फटीत जन्मते.

फाइलवर Track Changes चालू असते. वर्डमध्ये Ctrl+Shift+E दाबले की पुढची प्रत्येक खाडाखोड माणसाच्या नावासह आणि रंगासह नोंदली जाते. अभ्यासक ट्रामचे वाक्य सुधारतात: ‘सुरू झाल्यामुळे’ खोडून ‘सुरू होणार असल्यामुळे’ आणि ‘बिघडू लागल्या’ खोडून ‘बिघडणार होत्या’ करतात, ‘वेधशाळा’ खोडून ‘चुंबकीय नोंदींचे काम’ लिहितात, आणि पुढे एक वाक्य घालतात: ‘१९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या.’ मग फाइल संपादकाकडे येते. संपादकाच्या कानाला हे वाक्य जड वाटते. काळ दिलेला आहे, ‘दोन्ही ठिकाणी’ असेही म्हटले आहे, मग ‘एकाच वेळी’ कशाला? ते शब्द खोडले जातात. भाषेच्या दृष्टीने निर्णय बरोबर आहे. पण त्या दोन वर्षांचे सगळे प्रयोजन ‘एकाच वेळी’मध्येच होते. मुंबईत चुंबकीय नोंदी १८४१ पासून चालू होत्या. ती जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेला जोडायची, तर एकाच क्षणी दोन ठिकाणी किती फरक दिसतो ते कळायला हवे. एका ठिकाणी सकाळी आणि दुसऱ्या ठिकाणी संध्याकाळी मोजून तो कळत नाही, कारण चुंबकीय क्षेत्र दिवसभरात बदलत असते. ते शब्द गेले की वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते आणि अर्थाने रिकामे होते.

गंमत अशी की ही खाडाखोड फाइलमध्ये ठळक दिसते. लाल रेघ आहे, संपादकाचे नाव आहे, तारीख आहे. फक्त ती बघायला हवा होता तो माणूस आपले काम संपवून केव्हाच मोकळा झालेला असतो. Track Changes कोणी काय बदलले ते सांगते. तो बदल करण्याचा अधिकार कोणाचा होता आणि तो कोणाला दाखवायला हवा, हे ते सांगत नाही. ते ठरवण्यासाठी तपासयादी लागते. एरवी यादी म्हटले की बऱ्याच संपादकांना सरकारी तक्ता आठवतो आणि ते नाक मुरडतात. ‘तारखा तपासल्या का’, ‘विशेषनामे तपासली का’ आणि पुढे बरोबरची खूण, अशीच यादी असेल तर नाक मुरडणे योग्यच आहे. खूण करायला वाचावे लागत नाही.

उपयोगी यादीत प्रश्न थोडे असतात, प्रत्येक प्रश्नापुढे एकाच माणसाचे नाव असते आणि उत्तर शब्दांत लिहावे लागते. आपल्या लेखासाठी लेखकाला विचारावे: प्रत्येक सन कशावरून घेतला? अभ्यासकाला विचारावे: कारण म्हणून दिलेली घटना परिणामाच्या आधीची आहे का, आणि कोणते शब्द काढले तर विधान खोटे ठरेल? संपादकाला विचारावे: भाषेसाठी केलेल्या बदलांपैकी कोणत्या बदलांनी आकडा, काळ, कारण किंवा नाव यांना हात लावला? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच अभ्यासकाकडे परत जाणाऱ्या जागांची यादी. पूर्ण लेख पुन्हा पाठवायची गरज नसते. दीड हजार शब्दांच्या लेखात अशा मोजक्याच जागा निघतात आणि त्या बघायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो.

अभ्यासकाचा दुसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘एकाच वेळी’ या शब्दांशेजारी त्यांनी समासात एवढीच टीप ठेवली असती, की हे शब्द काढू नयेत, दोन्ही मालिका जोडण्याचा आधार तोच आहे, तर संपादकाने वाक्य दुसऱ्या रीतीने हलके केले असते. बदल आणि टीप ही दोन वेगळी हत्यारे आहेत. खात्री असेल तिथे मजकुरात बदल करावा, शंका असेल तिथे टीप लिहावी. पुष्कळ तज्ज्ञ शंकाही मजकुरातच लिहितात. ‘बहुधा’ घालतात, सन खोडून दुसरा घालतात आणि आधार सांगत नाहीत. खोडलेला शब्द निकालासारखा दिसतो, आणि लेखक बिचारा अभ्यासकांचे नाव पाहून Accept दाबतो.

दुसरा धोका किनाऱ्याच्या नावातच आहे. कुलाबा म्हणजे मुंबईचा कुलाबा, अलिबागसमोरचा समुद्रातला किल्लाही कुलाबा, आणि १९८१ पर्यंत हा सगळा जिल्हासुद्धा कुलाबाच. नीटनेटक्या संपादकाला वाटते की जिल्ह्याचे आजचे नाव सगळीकडे एकसारखे असावे. तो ‘कुलाबा’ शोधून सगळीकडे ‘रायगड’ घालायची आज्ञा देतो. एका क्षणात कुलाबा किल्ल्याचा रायगड किल्ला होतो, म्हणजे अलिबागच्या वाळूतून ओहोटीला चालत जाण्याची जागा महाडजवळच्या डोंगरावर जाते, आणि मुंबईची वेधशाळा रायगड वेधशाळा होऊन बसते. Track Changes चालू असेल तर हे प्रत्येक ठिकाण रंगवलेले मिळते, पण एकाच माणसाचे एकसारखे दिसणारे बदल ओळीने आले की डोळा ते वाचत नाही. Accept All दाबायचा मोह तिथेच होतो. म्हणून सरसकट बदल हा वेगळा टप्पा असावा: तो एकट्याने करावा, त्याची नोंद यादीत करावी, आणि त्यातली प्रत्येक जागा वाक्यासह वाचूनच स्वीकारावी.

मराठीच्या काही अडचणी या सोयी घडवणाऱ्यांच्या ध्यानातही नसतील. नुसती वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ केली तर अक्षर आणि वेलांटी वेगळ्या रंगांत तुटतात, वेलांटी कधी ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते आणि पुढच्या वाचकाला काय बदलले तेच कळत नाही. अशा वेळी अख्खा शब्द खोडून पुन्हा लिहिलेला बरा. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. मग दोन प्रती Compare करून पाहिल्या की काहीच न बदललेला शब्द बदललेला दिसतो, आणि शोधायला गेले तर तोच शब्द निम्म्या ठिकाणी सापडत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर मध्येच युनिकोडमध्ये आणला तर सगळा लेखच बदललेला दिसतो आणि खऱ्या दुरुस्त्या त्यात बुडतात. हे रूपांतर पहिल्या वाचनाआधी उरकावे.

परिच्छेदांची हलवाहलवही आधीच व्हावी. परिच्छेद वर नेताना त्यातला एखादा आकडा बदलला, तर स्क्रीनवर पुष्कळदा एक मोठा खोडलेला तुकडा आणि एक मोठा नवा तुकडा दिसतो. बदललेला आकडा त्यात दडून जातो. म्हणून माझ्या मते क्रम असा हवा: लेखक आणि संपादक मिळून आधी रचना ठरवतात, मग अभ्यासक आशय बघतात, मग संपादक भाषा बघतो, मग निवडक जागा अभ्यासकांकडे परत जातात. फाइल एका वेळी एकाच्याच हातात असावी. तिघांकडे तीन प्रती गेल्या की त्या जोडणारा चौथा माणूस लागतो, आणि तो बहुतेक वेळा रात्री अकरा वाजता काम करणारा संपादकच असतो.

बदल स्वीकारण्याचे काम लेखकाने करावे. लेखाखाली नाव त्याचे आहे, आणि आपल्या वाक्याचे काय झाले हे त्याला कळायलाच हवे. मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांच्या नोंदींखाली लेखकासोबत समीक्षकाचेही नाव येते. जबाबदारी वाटून घेण्याची ही चांगली रीत आहे, पण ती वाटण्याआधी कोणता निर्णय कोणाचा हे ठरलेले असावे लागते. तथ्याच्या वादात अभ्यासकाचा शब्द चालावा, शैलीच्या वादात लेखकाचा, आणि शुद्धलेखन व लांबी यांत संपादकाचा. एकदा Accept केले की तो बदल कोणाचा होता हे फाइल विसरते. म्हणून स्वीकारण्याआधीची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी. No Markup निवडले की रेघा नुसत्या लपतात, पुसल्या जात नाहीत. मांडणीकाराकडे अशीच फाइल गेली आणि खोडलेला मजकूर पुन्हा उगवला, असे घडू शकते.

शेवटचे वाचन मात्र रेघा नसलेल्या स्वच्छ प्रतीचे, शक्यतो कागदावर करावे. आपल्या उदाहरणात अभ्यासकांनी ‘वेधशाळा’ काढून ‘काम’ घातले. पुढचे क्रियापद ‘हलवण्यात आली’ तसेच राहिले. रंगीत प्रतीत ही चूक सहज निसटते, कारण खोडलेली ‘वेधशाळा’ डोळ्यांना अजून दिसत असते आणि क्रियापद तिच्याशी जुळते. मराठीत नाम बदलले की लिंगाबरोबर क्रियापदापर्यंत सगळी साखळी बदलावी लागते, आणि तज्ज्ञाचे लक्ष नामापाशीच थांबलेले असते.

एवढे करूनही काही चुका राहतील. तिघांनाही जे ठाऊक नाही त्याबद्दल यादी प्रश्न विचारू शकत नाही, आणि तिघांनी एकाच जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवला असेल तर तिघांच्या सह्या मिळून एकच चूक पक्की होते. चारशे शब्दांच्या टिपणाला हा सगळा व्याप नको, तिथे छापील प्रत आणि लाल पेन पुरे. पण सन, कारणे आणि जुनी स्थलनामे असलेला लांब लेख असेल, तर संपादकांना एकच विनंती आहे: भाषा उरकल्यावर लेख थेट मांडणीला देऊ नका. ज्या बदलांनी आकडा, काळ, कारण किंवा नाव यांना हात लावला, तेवढे बदल तज्ज्ञाकडे परत पाठवा आणि त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.