खाडा की बंद?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी दुधाचा रतीब होता आणि खाडे कालनिर्णयावर मांडलेले असत. गावाला जायचं तर आई आदल्या दिवशी गवळ्याला दारातच सांगे, "उद्या-परवा खाडा." रतीब बंद करणं ही निराळी गोष्ट, त्याआधी हिशेब चुकता व्हायचा. आता रायपुरातच दर रविवारी भाजीची पेटी मोबाइलवरून येते, आणि या दोन शब्दांतला फरक मी साठीत पैसे मोजून शिकलो.

शनिवारी पहाटे नागपूरला निघायचं होतं. शुक्रवारी रात्री पावणेअकराला बॅग भरताना पेटी आठवली. रविवारच्या पेटीवरचं 'स्किप' फिकट पडलेलं, दाबूनही काही होईना. रागाच्या भरात सबस्क्रिप्शनच रद्द केलं. रद्द झाल्याचा मेसेजही आला. सोमवारी परतलो तर दाराशी पेटी, लाल भाजीचा चिखल, आणि पैसे कापलेले.

तक्रार करायला फोन उचलला होता, तेवढ्यात अटी वाचल्या. मुदत शुक्रवारी रात्री दहाची. दहाला मागणीची यादी शेतावर जाते, शनिवारी तोडणी आणि संध्याकाळी पेट्या भरणं. पालेभाजी साठवून ठेवता येत नाही, म्हणून जेवढी मागणी तेवढीच तोडतात. मी पावणेअकराला जे रद्द केलं, ते त्यापुढच्या रविवारपासून. या रविवारची जुडी दहालाच माझ्या नावावर चढली होती. फिकट पडलेलं बटण तेच सांगत होतं.

मी विसंबलो होतो तो बँकेच्या मेसेजवर. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना निदान 24 तास आधी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ती सूचना पैशांची वेळ सांगते, पेटीची नाही. रविवारी पैसे कापायचे तर ती शनिवारी आली तरी चालते, आणि तोवर मुदत उलटलेली असते. यूपीआयचं ऑटोपे बंद केलं तरी पैशांची वाट तेवढी अडते, ऑर्डर उभीच राहते.

न्यू जर्सीतल्या भाचीची अडचण उलटी. तिकडे हॅलोफ्रेशसारख्या पेट्यांत मुदत साधारण पाच दिवस आधीची असते, कारण मापून भरलेलं सामान लांबून यायचं असतं. तिने वेळेत स्किप केलं, एका आठवड्याचं. पुढच्या आठवड्याची पेटी न सांगता दाराशी हजर! खाडा एका दिवसाचाच असतो, रतीब चालूच राहतो, हे आमच्या आईला कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.

पेटी मी पुन्हा सुरू केली आहे. फक्त कालनिर्णयावर खाड्याची खूण आता रविवारच्या नव्हे, शुक्रवारच्या चौकटीत करतो.