मला तिच्यासमोर ठेव

गोष्ट लहानच आहे. मिरजेतले एक आजोबा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. लेक-जावई जर्मनीत श्टुटगार्टला, नात तेरा महिन्यांची. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. नात दुपारची झोप काढून तीन वाजता उठते, तेव्हा इकडे साडेसात वाजलेले असतात आणि आजोबा फोन स्टीलच्या डब्याला टेकवून बसलेले असतात. नात सोफ्याला धरून चालू लागली आहे. हात सोडून पहिलं पाऊल आज पडेल की उद्या, एवढाच प्रश्न.

लेक फोन हातात धरून तिच्या मागेमागे फिरायची, मागचा कॅमेरा लावून. त्यामुळे आजोबांना नात अगदी छान दिसायची, पण तिला आजोबा दिसायचेच नाहीत. फोनचा पडदा आईच्या बाजूला. एके दिवशी ते म्हणाले, "अगं, मला तुझ्या हातात नको धरूस. तिच्यासमोर खाली ठेव."

या एका वाक्यासाठी मला ही गोष्ट सांगावीशी वाटते. परदेशातल्या नातवंडांबद्दल बोलताना आपण बघायला मिळालं की नाही, याचाच हिशेब करतो. पण चालायला शिकणाऱ्या मुलाजवळ माणसं नुसती बघायला नसतात. त्या मुलालाही त्यांचे चेहरे हवे असतात.

याचा एक फार सुंदर प्रयोग अमेरिकेत झाला होता. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. जाड काचेचं मोठं टेबल. अर्ध्या भागात काचेला लागूनच खाली चौकटीचं कापड, पुढच्या अर्ध्यात तेच कापड फूटभर खाली सोडलेलं. म्हणजे मधोमध एक पायरी असल्यासारखं दिसणार. खरं तर काच सलग. वर्षाचं मूल रांगत त्या कडेपाशी येतं, थबकतं, आणि समोर उभ्या असलेल्या आईकडे बघतं. आईने बोलायचं नाही, फक्त सांगितलेला भाव चेहऱ्यावर आणायचा. चेहरा आनंदी होता तेव्हा १९ पैकी १४ मुलं पलीकडे गेली. चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. तिथे आया प्रत्यक्ष समोर होत्या, फोनच्या पडद्यात नव्हत्या. तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा आजोबांना लावता येणार नाही. पण अडलेलं मूल जवळच्या माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवतं, हे तर आपल्या प्रत्येक घरात दिसतं.

म्हणून फोन लहान स्टुलावर, नातीच्या डोळ्यांच्या उंचीला आला. पहिल्या दिवशी फसलंच. आजोबांना बघताच ती खाली बसली आणि रांगत येऊन तिने फोनच पकडला, कारण तिला रांगणं अजून जास्त जलद जमत होतं. दुसऱ्या दिवशी फोन जेवणाच्या टेबलाच्या कडेला, तिचा हात पोचणार नाही असा ठेवला. तिने सोफा सोडला, डुलली, आणि आजोबांच्या तोंडून निघालं, "अगं अगं, पडेल!" आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. तोवर ती बसली होती, आणि त्यांचा घाबरलेला आवाज नेमका त्या बसण्यावर जाऊन पडला. तिने वर बघितलं, मग रडली.

अंगणात ही अडचण आली नसती. तिथे पांगुळगाडा असतो, पुढे केलेला हात असतो. आपण "पडेल" म्हणत असताना हातही पोचलेला असतो, म्हणून त्या शब्दातली भीती मुलापर्यंत एकटी जात नाही. मिरजेतून जाते. ज्याला धरता येत नाही त्याने आपला चेहरा सांभाळावा, असं मला मनापासून वाटतं. आणि ते धरण्याइतकंच कष्टाचं काम आहे.

त्यात मदत होते ती पडण्याची खरी मोजदाद माहीत असण्याची. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळ्या खेळातली पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. पडणं हा त्या शिकण्याचा रोजचा भाग आहे, अपघात नव्हे. लेकीने हा आकडा सांगितला तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प होते.

त्या आठवड्यातच नात सोफा सोडून चार पावलं चालली. फोनकडे नव्हे, बाजूला बसलेल्या बापाकडे. निघताना मात्र तिने आजोबांकडे बघितलं होतं, आणि ते हसत होते. नंतर जावयाने थोडं चाचरत सांगितलं की शनिवारीही तिने दोन पावलं टाकली होती. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. आज दोन पावलं टाकणारं मूल उद्या दिवसभर रांगतं, परवा पुन्हा उभं राहतं. त्यातलं पहिलं कुठलं म्हणायचं?

आता फोन लागला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आज किती वेळा पडली गं?"