फोटोत न आलेल्या गोळ्या

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला हल्ली बरेच प्रश्न फोनवर येतात. स्ट्रिपचा फोटो आणि खाली एक ओळ : "दादा, या दोन्ही एकदम घेतल्या तर चालतील का?" 'चालतील' असं लिहिलं की लगेच आभार येतात. त्या आभारांची मला चटक लागली आहे का, हे तपासून पाहावं असं गेल्या ऑगस्टमधल्या एका फोटोमुळे वाटू लागलं.

ओळखीतल्या एका वहिनींनी तो सासूबाईंसाठी पाठवला होता. सासूबाईंचं वय सत्तरीपुढचं, ताप आदल्या दिवसापासून. फोटोत एक स्ट्रिप पॅरासिटामॉल ६५० ची आणि दुसरी गुडघेदुखीची, अर्धी कापलेली. कापलेल्या स्ट्रिपवरची नेमकी एक्स्पायरीच कापली गेलेली असते आणि नावही तुटतं. इथे ब्रँडच्या नावामागचं 'पी' तेवढं उरलं होतं. तशा नावात 'पी' बहुधा पॅरासिटामॉलचाच असतो. मागची बाजू मागवली तेव्हा खात्री झाली : अ‍ॅसिक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५.

हिशेब सोपा होता. एका वेळी ६५० आणि ३२५ मिळून ९७५ मिलिग्रॅम, म्हणजे हजाराच्या आत. दिवसभराचं पाहिलं, तर तापाची गोळी सहा सहा तासांनी चार वेळा आणि गुडघ्याची दोनदा, म्हणजे ३२५० मिलिग्रॅम. प्रौढांसाठी चार ग्रॅमची मर्यादा सांगतात, पण म्हाताऱ्या आणि किरकोळ अंगाच्या माणसाला अनेक डॉक्टर तीनच्या पुढे जाऊ देत नाहीत. फोटोपुरतं बोलायचं तर 'आज एकदा चालेल' हे उत्तर खोटं ठरलं नसतं. मला टोचतं ते इथेच. खोटं न बोलताही मी त्या बाईंना धोक्यात घालू शकलो असतो.

कारण फोटोत ब्लडप्रेशरची गोळी नव्हती. ती रोजची, म्हणून ती औषधात मोजायची असते हे वहिनींच्या ध्यानातच आलं नाही. विचारल्यावर कळलं, टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारं औषध, दोन्ही एकाच गोळीत. दुपारपासून दोन उलट्या झालेल्या, पोटात पाणी ठरत नाही, लघवीही कमी. अंगातलं पाणी असं उतरलेलं असताना या गोळीवर अ‍ॅसिक्लोफिनॅक पडलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. त्यात दिवस पावसाळ्याचे. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापात असली वेदनाशामकं टाळतात, कारण प्लेटलेट आधीच घसरलेल्या असल्या तर ही औषधं त्यांचं काम आणखी मंद करतात, जठराच्या अस्तरालाही इजा करतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. तापाला साधं पॅरासिटामॉलच द्यायचं.

मग दुसरी पळवाट समोर येते : 'डॉक्टरांना विचारा.' हे मी किती वेळा जबाबदारी झटकायला लिहितो? कोणत्या डॉक्टरांना, हे मी सांगत नाही. वहिनी साहजिकच गुडघ्याची गोळी लिहून देणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना फोन लावणार, आणि त्यांची वेळ चार दिवसांनी मिळणार. या तापासाठी ते दार नव्हतंच. म्हणून लिहिलं : गुडघ्याची गोळी आज देऊ नका. तापाची एकच द्या, वेळ लिहून ठेवा, सहा तासांच्या आत दुसरी नको. उद्यावर न ढकलता आज संध्याकाळीच फॅमिली डॉक्टरांकडे न्या. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, ब्लडप्रेशरचीसुद्धा. ती गोळी आज द्यायची की नाही हे तेच सांगतील, मनाने बंद करू नका. उलट्या आणि लघवी कमी झाल्याचं आधी सांगा. रक्ताची तपासणी बहुधा तेच लिहून देतील. दवाखाना बंद असेल तर सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो. हिरड्यांतून रक्त आलं, पोट जोरात दुखू लागलं, गुंगी आली, तर १०८.

एवढं लिहायला पाच-सात मिनिटं गेली, आणि काउंटरवर गिऱ्हाईकं खोळंबली होती. वहिनींचं उत्तर आलं, "एवढं असतं होय? मी तर एका गोळीचं विचारलं होतं." त्यात थोडी नाराजीही होती, आणि ती मला लागली हे मान्य करतो. कुणाला नाराज करायचं नाही, ही दुकानदाराची सवय. 'ही गोळी देऊ नका' म्हटलं की धंद्यातलं नुकसान चार रुपयांचंच असतं, पण शहाणपणा करणारा माणूस म्हणून नाव होतं. खरा मोह चांगल्या नावाचा आहे, पैशांचा नाही.

आता फोटो आला की आधी विचारतो : कुणासाठी, वय काय, रोजच्या गोळ्या कोणत्या, आजची शेवटची गोळी किती वाजता. बाईमाणूस तरुण असेल तर दिवस गेलेत का, हेही. आणि हा प्रश्न टाइप करताना बोट अजून अडखळतं, कारण फोन बहुतेक वेळा सासरच्या कुणाचा तरी असतो. तिथे मी दुकानातल्या ताईंना त्या मुलीला थेट फोन करायला सांगतो.