मोक्षाला मोल नाही : नवसाच्या वाटेने आलेल्यांसाठी कृपेचे निरूपण

॥ श्री पंचकृष्ण प्रसन्न ॥

प्रस्ताव

ठाणे जिल्ह्यात भाईंदरच्या पश्चिमेस, धारावी बेटाच्या टोकाला उत्तन हे कोळ्यांचे गाव आहे. येथील कोळी समाजात ख्रिस्ती घरे बहुसंख्य असून हिंदू घरेही आहेत. दोन्ही घरांचा संसार समुद्रावर चालतो आणि समुद्राचा भरवसा कोणालाच नसतो. त्यामुळे नवस ही या किनाऱ्याची मातृभाषाच होऊन बसली आहे. कोणी नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहतो, कोणी गावातील वेलंकणी मातेपुढे मेणबत्ती लावतो, तर कोणी कुलदेवीला कोंबडे कबूल करतो. देव्हारा निरनिराळा असला तरी वाक्य एकच असते : "माझे एवढे कर, म्हणजे मी तुझे एवढे करीन."

अशा घरांत वाढलेली चाळीस-पन्नास वर्षांची माणसे धर्मश्रवणास येऊन बसली आणि निरूपण करणाऱ्याने त्यांना म्हटले, "मोक्ष कर्माने मिळत नाही, तो परमेश्वराच्या कृपेने मिळतो", तर त्यांना काय ऐकू येईल? शब्द सोपे आहेत. परंतु ऐकणाऱ्याच्या मनातील तराजू तसाच राहतो. तो मनाशी म्हणतो, "बरे, मग कृपा मिळण्यासाठी काय वाहावे लागते?" येथे निरूपण फसते. कृपा हाच एक नवा, अधिक महाग नवस होतो. म्हणून या वर्गाला कृपा शिकविण्याआधी तो तराजू दाखवून द्यावा लागतो.

पूर्वपक्ष

नवसाला खोटे म्हणून आरंभ करू नये. तसे शास्त्रही म्हणत नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार पदार्थ सर्वज्ञांनी निरूपिले. त्यांत देवता हा स्वतंत्र, नित्य पदार्थ आहे आणि देवतेजवळ तिच्या सामर्थ्याइतके फळ आहे. कर्म केले, त्याचे फळ देवतेकडून मिळाले, ते भोगून संपले, जीव पुन्हा कर्मभूमीला आला, असा हा क्रम आहे. यात फसवणूक कोठेच नाही. बाजारात जितक्या पैशांचे घेतले तितकेच मिळते, एवढाच याचा अर्थ होय.

अडचण पुढे आहे. कर्माला आरंभ आहे, म्हणून त्याच्या फळाला शेवट आहे. मोक्षाला शेवट नाही. ज्याला शेवट नाही ते, ज्याला शेवट आहे त्याच्या मोबदल्यात कसे मिळावे? दहा नारळ वाहिले काय नि दहा हजार वाहिले काय, संख्या वाढते, जात बदलत नाही. शिवाय नारळ वाहणारा हात कोणाचा? अनादी अविद्येने वेढलेल्या जीवाचा. त्याचे पुण्यसुद्धा 'मी केले' या भावाने गुंडाळलेले असते. ज्या गाठीतून सुटायचे तीच गाठ मोल म्हणून पुढे केली, तर सुटका कशी व्हावी? म्हणून ती गाठ बाहेरून, ज्याला ती गाठच नाही अशा परमेश्वराकडूनच सुटली पाहिजे. तो अवतार घेऊन ज्ञान देतो. त्याला कोणी विकत घेतले म्हणून तो देत नाही. जीवाचा उद्धार करणे हेच त्याचे व्यसन आहे, म्हणून देतो.

दृष्टांत

हा अभिप्राय उत्तनच्या माणसाला त्याच्याच डोलीवरून सांगावा. डोल म्हणजे मोठ्या तोंडाचे, शेपटाकडे निमुळते होत गेलेले पिशवीसारखे जाळे. कोळी समुद्राच्या तळात खुंट रोवतो, त्याला डोल बांधतो आणि तिचे तोंड येणाऱ्या पाण्याकडे करतो. मग तो थांबतो. भरती-ओहोटीचा ओढ लागला की पाणी तोंडातून आत शिरते आणि त्याबरोबर बोंबील, जवळा शेपटाशी गोळा होतात. पाणी फिरण्याच्या आत जाळे उचलावे लागते, नाही तर उलट ओढाने आलेले निघून जाते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा डोल ताणून भरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. ओढ मंदावतो, जाळे लोंबत राहते. त्या दिवसांत कोळ्याने कितीही कष्ट केले, खुंट दुप्पट रोवले, तरी पाणी त्याच्या कष्टाने धावत नाही. हे तेथील लहान पोरालाही ठाऊक असते. आणि तरीही उधाणाच्या दिवशी ज्याने डोल बांधलीच नाही, किंवा तोंड उलटे ठेवले, त्याच्या घरी मासळी येत नाही.

दार्ष्टांतिक

ओढ ही कृपा होय. डोल बांधणे हा आचार होय. ओढ डोलीने उत्पन्न केली नाही, डोलीने विकत घेतली नाही. परंतु डोल नसेल तर आलेला ओढ त्या घरापुरता वाहून जातो. तद्वत स्मरण, भिक्षा, अटन, अहिंसा हा आचार ज्ञानाची किंमत नव्हे. मिळालेले ज्ञान टिकावे, विकार-विकल्पाच्या उलट ओढाने निघून जाऊ नये, म्हणून ते तोंड परमेश्वराकडे ठेवणे आहे.

दृष्टांत एकदेशी असतो, हेही वर्गाला सांगितलेच पाहिजे. समुद्राचा ओढ चंद्राच्या गतीने ठरतो, तो कोणाला ओळखत नाही. परमेश्वर जाणता आहे, कृपाळू आहे. त्याची कृपा पंचांग पाहून गाठता येत नाही. हा भेद सांगितला नाही तर श्रोता कृपेची तिथी शोधू लागेल.

शंका-समाधान

पहिली शंका सर्वांत खोल असते, आणि ती बहुधा बाईच्या तोंडून येते. समजा, वर्गात एक बाई आहे. तिचा मुलगा आजारी होता, तिने नवस बोलला, मुलगा गेला. ती विचारते, "माझे काय कमी पडले?" इतकी वर्षे ती हाच हिशेब करीत आली आहे. मेणबत्ती लहान होती का, उपास मोडला का, कबूल केलेले वेळेवर फेडले नाही का? तराजूचे खरे क्रौर्य येथे दिसते. फळ मिळाले तर तो मनुष्याला गर्विष्ठ करतो, फळ न मिळाले तर अपराधी करतो.

तिला तत्त्वाची चर्चा आधी सांगू नये, तिच्या देव्हाऱ्याची थट्टा तर मुळीच करू नये. तिला हे सांगावे की मुलाचे मरण हे तिच्या दानातील तूट नव्हे. देह प्रपंचातला आहे, म्हणून तो जाणारच. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. असे वादळ येते तेव्हा ते कोणाचा नवस फिटला आणि कोणाचा राहिला, हे विचारून होड्यांवर येत नाही. जो परमेश्वर मोल घेऊन देत नाही, तो मोल कमी पडले म्हणून हिरावूनही घेत नाही. एवढे तिच्या मनात उतरले तर तिला कृपेचा अर्धा अर्थ कळला.

दुसरी शंका : "मग आचाराचे कष्ट कशाला?" याला म्हाइंभट्टांचे चरित्र उत्तर देते. सराळ्याचे म्हाइंभट्ट शास्त्रांचे पंडित. सर्वज्ञांकडे आले ते वाद करण्यासाठी, विद्येच्या बळावर. ते बळ तेथे मोल म्हणून चालले नाही. परंतु बोध झाल्यावर तीच विद्या त्यांनी सेवेला लावली. सर्वज्ञांच्या प्रयाणानंतर ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या एकेक गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. हे कष्ट त्यांनी काही मिळावे म्हणून केले, की मिळाले म्हणून केले? आचाराचे स्थान या प्रश्नातच आहे.

तिसरी शंका ख्रिस्ती शेजाराची असते : "आमच्या चर्चमध्येही कृपाच सांगतात, मग नवस का चालतात?" प्रश्न योग्य आहे. युरोपात सोळाव्या शतकात याच प्रश्नावरून चर्च दुभंगले. पुढे ट्रेंट येथील धर्मसभेने 1547 साली असे ठरविले की मनुष्य नीतिमान ठरण्यापूर्वीचे त्याचे कोणतेही कर्म ती कृपा कमावून देत नाही. 1999 साली ल्युथरपंथी व कॅथलिक यांनी ऑग्सबर्ग येथे या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यांचे ईश्वरस्वरूप व मुक्तीचे लक्षण आपल्याहून भिन्न आहे, ते एक करू नये. परंतु एवढे दिसते की ग्रंथात कृपा आणि घरात तराजू, ही स्थिती एकाच समाजाची नाही. महानुभावांच्या घरांतही ती शिरते.

परीक्षा

ती शिरली हे कसे ओळखावे? वर्गातील पुरुष म्हणतो, "आता मी नवस सोडला. रोज नामस्मरण करतो, आणि महिनाभर होडीला बरे चालले आहे." ऐकणाऱ्याला आनंद होतो, परंतु येथेच थांबून विचारावे, "पुढल्या महिन्यात होडी रिकामी आली तर?" तो जर म्हणाला, "मग स्मरण वाढवीन", तर त्याचा नारळ गेला, पण नवस राहिला. तो जर म्हणाला, "होडीचे होडीला, स्मरण तर करायचेच", तर वाट लागली.

दुसरा धोका उलट बाजूचा. कोणी म्हणतो, "कृपाच तारणार, तर नियम मोडला काय नि पाळला काय." त्याला डोलीकडे न्यावे. ओढ आपला नव्हे म्हणून कोणी कोळी उधाणाच्या दिवशी जाळे घरी ठेवीत नाही. उलट ओढ आपला नाही, निघून जाईल, म्हणूनच तो वेळेवर उठतो. ज्याला वस्तू विकत घेतली असे वाटते तो निश्चिंत झोपतो. ज्याला ती दिली गेली आहे तो जपतो.

आणि दोष घडलाच तर? तराजूचा मनुष्य दंड भरून मोकळा होतो. कृपेचा मनुष्य अनुतापाने परत वळतो. प्रायश्चित्त दोघेही घेतात, परंतु पहिल्याचे डोळे दंडाच्या मापावर असतात, दुसऱ्याचे परमेश्वराच्या मुखाकडे.

तात्पर्य

नवसाने वाढलेल्या माणसाजवळ एक मोठे धन आहे, ते निरूपण करणाऱ्याने हरवू नये. त्याला मागणे येते. आपल्या हाती काही नाही, हे त्याला समुद्राने शिकविले आहे. फक्त मागण्याबरोबर त्याने जो पैसा पुढे केला आहे, तो खाली ठेवावयास सांगायचे. रिकामा हात पुढे करणे त्याला अवघड जाईल, कारण रिकाम्या हाताने देवापुढे जाऊ नये असेच त्याला लहानपणापासून सांगितले गेले. पण परमेश्वरापुढे पसरावयाचा हात रिकामाच असावा लागतो. भरलेल्या हातात तो काय घालणार?

दंडवत प्रणाम.