पाण्याची रेल्वे मी पाहिली नव्हती

एम.ए.च्या शिष्यवृत्तीसाठी माझी पहिली मुलाखत झाली, तेव्हा समोर पाच जण होते आणि मला तीन मिनिटं मिळाली होती. मी सुरुवात अशी केली : "2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. मी तेव्हा नववीची परीक्षा दिली होती. त्या दिवशी मला कळलं, की मला पाण्यावर काम करायचंय."

रेल्वे आली होती हे खरं. मी नववीत होते हेही खरं. आमचं गाव लातूर जिल्ह्यातच आहे, तेही खरं. पण ती रेल्वे शहरासाठी होती, आणि आमचं गाव शहरापासून तीस किलोमीटर लांब. आम्हाला टँकरचं पाणी यायचं. रेल्वे मी टीव्हीवर पाहिली आणि त्या दिवशी मला काहीही कळलं नाही. मी बहुतेक सुट्टीत मावशीकडे जायचा हट्ट करत होते.

निवड झाली. ती शिष्यवृत्ती मी दोन वर्षं घेतली, तिच्यावर जेवले, पुस्तकं घेतली.

एवढं सांगून मी स्वतःला फटके मारते आहे असं समजू नका. पीएच.डी.च्या फेलोशिपसाठी पुन्हा तशीच मुलाखत द्यायची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न खऱ्या अर्थाने माझ्यासमोर आला. तीन मिनिटांत सांगायचं म्हणजे गाळणं आलंच. मग गाळण्याचं खोटं कधी होतं? 'नरो वा कुंजरो वा' ही गोष्ट आपण युधिष्ठिराच्या खोटेपणाची म्हणून ऐकतो, पण नीट पाहिलं तर त्याने एकही शब्द खोटा उच्चारला नव्हता. अश्वत्थामा नावाचा कुणीतरी मेला होता. द्रोणाचार्यांना काय वाटेल हे त्याला माहीत होतं, आणि ते वाटावं म्हणूनच उरलेलं वाक्य तो हळू बोलला. माझी रेल्वे त्याच जातीची होती. प्रत्येक वाक्य तपासलं तर पास, पण ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभं राहिलं (तहानलेली मुलगी, स्टेशन, टाक्या) ते मला हवं तसं आणि साफ चुकीचं.

तेव्हा यावेळी मी उलट टोकाने सुरुवात केली. 'का' नंतर, आधी 'काय'.

माझ्या प्रस्तावाचं पहिलं शीर्षक होतं 'मराठवाड्यातील भूजल व्यवस्थापनापुढील आव्हाने'. यात प्रश्न नाही, नुसता विभाग आहे. एका सीनियर ताईने विचारलं, "हे चुकीचं ठरू शकतं का?" मी गप्प. 'आव्हाने' चुकीची ठरूच शकत नाहीत, ती असतातच. तिचं म्हणणं होतं, की जे वाक्य चुकीचं ठरू शकत नाही, त्यावर पॅनलला विचारण्यासारखं काही सापडत नाही. मग ते तुमच्याबद्दल विचारू लागतात आणि तुम्ही रेल्वे काढता.

आठवडाभर ते वाक्य घासलं. शेवटी उरलं ते असं : बोअर फेल गेल्यावर शेतकरी पुन्हा बोअर घेतो, तेव्हा आपल्या गावात किती बोअर फेल जातात याचा त्याचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा कमी असतो का?

हे वाक्य आमच्या खडकातून आलंय. मराठवाड्यात खाली बेसॉल्ट आहे, लाव्हाचे थरावर थर. वाळूच्या प्रदेशात पाणी सगळीकडे मुरून राहतं तसं इथे होत नाही. ते वरच्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात असतं. त्यामुळे एका बांधावर पाणी लागतं आणि पन्नास पावलांवर धूळ उडते. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो. लागलं तर त्याचं नाव होतं, नाही लागलं तर आपलं नशीब. आणि लागलेला बोअर दिसतो, त्याच्यावर मोटर बसते, पाइप फिरतात. फेल गेलेल्या बोअरवर दगड ठेवतात. दोन वर्षांत त्यावर गवत येतं. माझा अंदाज होता की गाव मोटारी मोजतं, दगड मोजत नाही.

आता पद्धत. दोन गावं, एक उसाचं, एक सोयाबीन-हरभऱ्याचं. प्रत्येकी दोनशे खातेदार, तलाठ्याकडच्या खात्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. प्रत्येकाला आधी विचारायचं, "या गावात दहा बोअर घेतले तर किती फेल जातात?" मग त्याच्या शेतात आजवर घेतलेला प्रत्येक बोअर नोंदवायचा, फेल गेलेला धरून : साल, खोली, पाणी किती फुटांवर लागलं, पैसे कुठून आणले. शेवटी सांगितलेला अंदाज आणि मोजलेला आकडा शेजारी ठेवायचा.

माझ्या पहिल्या मसुद्यात यादी तलाठ्याची नव्हती, वीजजोडणीची होती. ती मिळवायला सोपी. सरावाच्या मुलाखतीत एकाने सहज विचारलं, "ज्याचे सगळेच बोअर फेल गेले, त्याच्याकडे शेतीपंपाची जोडणी असेल का?" माझा चेहरा पडला. ज्यांना मोजायला निघाले होते, तेच यादीत नव्हते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या आकडेवारीचीही मर्यादा अशीच आहे : त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, पण त्यातल्या बऱ्याचशा उघड्या, खणलेल्या विहिरी आहेत; खोल बोअरमध्ये काय चाललंय ते त्यातून फारसं दिसत नाही. अशी अडचण आपण स्वतः दोन वाक्यांत सांगितली तर वीस सेकंद जातात. पॅनलने शोधून काढली तर पाच मिनिटं जातात.

दुसरी अडचण आठवणीची. पंधरा वर्षांपूर्वीचा फेल बोअर माणूस विसरतो, किंवा विसरल्यासारखं करतो. म्हणून बोअरच्या गाड्या बोलावणाऱ्या एजंटांच्या वह्यांशी ताळा घ्यायचा. सगळ्या वह्या मिळणार नाहीत, हेही सांगायचं.

हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं तेव्हा सात मिनिटं झाली. ऐकताना एक गंमत लक्षात आली. मला जिथे नीट समजलेलं नव्हतं, तिथेच मी जास्त बोलत होते. 'बहुआयामी' हा शब्द तीनदा आला होता, तिन्ही वेळा पुढे काय बोलायचं ते सुचत नसताना. तसे शब्द काढल्यावर चार मिनिटं झाली. संदर्भांची नावं काढली, सव्वातीन. साधारण साडेतीनशे शब्द, न धावता. पाठ मात्र केलं नाही, फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं केलं. पाठ केलेलं मध्येच तोडलं, की परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि पॅनल तोडतंच.

मग राहिला 'का'.

रेल्वे टाकून दिली होती, पण तिच्या जागी आणखी चांगली गोष्ट मिळाली होती. ही तर शंभर टक्के खरी. अण्णांनी पाच बोअर घेतले. तीन कोरडे गेले, चौथा दोन उन्हाळ्यांत आटला, पाचव्याला पाणी लागलं. सरावात ही गोष्ट सांगितली, तेव्हा खोली शांत झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगताना मी 'तीन कोरडे'नंतर थांबले. आदल्या दिवशी तिथे आपोआप थांबले होते. आज मोजून थांबले.

रात्री अण्णांना फोन केला आणि सांगितलं, मुलाखतीत तुमचे बोअर सांगणार आहे म्हणून.

"काय सांगणार?"

"तीन फेल गेले ते."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "ते कशाला सांगतीस गं? पाचव्याला लागलं की पाणी. ते सांग."

मला आधी हसू आलं, कारण माझा अख्खा प्रस्ताव त्यांनी एका वाक्यात सिद्ध केला होता. दगड मोजायचे नाहीत. मग लक्षात आलं, की त्या तीन बोअरांचं कर्ज त्यांनी फेडलं होतं आणि गावात त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. गोष्ट खरी होती, पण माझी नव्हती. रेल्वेच्या वेळी मी नसलेलं दाखवलं होतं. आता दुसऱ्याचं झाकलेलं उघडून दाखवणार होते, आणि त्यातून मिळणारी फेलोशिप मला मिळणार होती.

काहीजण म्हणतील, फार सोवळं झालं हे. घरचं दुःख सांगायचा हक्क घरच्यांचा नाही तर कुणाचा? ज्यांच्या घरी इंग्रजी होतं, प्रोफेसर होते, ते आपलं भांडवल बिनदिक्कत वापरतात, मग आपण आपलं का वापरू नये? हा युक्तिवाद मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. ज्याला स्वतःबद्दल हे सांगायचंय त्याने जरूर सांगावं. माझी अडचण एवढीच होती, की मी अण्णांना विचारलं होतं आणि त्यांनी नको म्हटलं होतं.

शिवाय ते माझं खरं कारणही नव्हतं. खरं कारण अगदी बेचव आहे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी एका असाइनमेंटसाठी विहिरींच्या पातळीचे तक्ते भरत होते. पातळी दर उन्हाळ्यात जिथे खाली जात होती, तिथेच नवे बोअर होत होते. मला ते मूर्खपणाचं वाटलं, आणि मग वाटलं, एवढी माणसं मूर्ख कशी असतील? आपल्यालाच काहीतरी दिसत नसणार. घरचे बोअर त्यानंतर आठवले. पॅनलसमोर मी हेच सांगितलं, चाळीस सेकंदांत. कुणाचे डोळे पाणावले नाहीत.

एका बाईंनी विचारलं, "आणि अंदाज बरोबर निघाला तर? शेतकऱ्यांना फेल बोअरचा आकडा अचूक माहीत असला तर?" याची तयारी होती. म्हटलं, मग माहिती देणाऱ्या मोहिमांचा उपयोग नाही. कारण ऊस, कर्ज आणि शेजाऱ्याने आधी पाणी ओढण्याची भीती यांत शोधावं लागेल, आणि पैशाचा रकाना त्याचसाठी ठेवलाय.

कोपऱ्यात बसलेल्या सरांच्या प्रश्नाची तयारी नव्हती. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर धरतात, आणि शेतीसाठी तशी नवी खोदाई करण्यावर बंधन आहे. 60 मीटर म्हणजे दोनशे फूट. गावोगाव बोअर त्याच्या कितीतरी खाली जातात. सर म्हणाले, "तुम्ही खोली लिहून घेणार. ती तुम्हाला खरी कोण सांगेल? आणि सांगितली, तर त्या कागदाचं काय कराल?"

मी म्हणाले, गट नंबर लिहिणार नाही, खोली शंभर-शंभर फुटांच्या टप्प्यांत लिहीन, नावांची यादी वेगळी ठेवीन आणि ताळा झाला की फाडून टाकीन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. काहीजण खोटं सांगतील.

"तुमच्या घरी किती फूट आहे?" सरांनी विचारलं.

मला आकडा माहीत होता. मी म्हणाले, "घरच्यांची परवानगी घेतलेली नाही, सर."

ते हसले की नाही, आठवत नाही. त्यांनी काहीतरी लिहिलं. माझं नाव प्रतीक्षा यादीत तिसरं आलं आणि दोन महिन्यांनी वर सरकलं. कुणामुळे, कशामुळे, कळलं नाही.

गेल्या महिन्यात प्रश्नावली घरीच तपासून पाहिली. अण्णांनी चष्मा लावून पहिला प्रश्न वाचला, दहांपैकी किती फेल जातात. "दोन," म्हणाले. मग पुढच्या पानावर गेले, जिथे एकेक बोअर लिहायचा असतो, आणि पेन माझ्याकडे परत दिलं. "तू लिही," म्हणाले, "मी सांगतो."